सेला, नवा कच्चा आणि जुना बासमती: धुणं, भिजवणं आणि पाण्याचा हिशोब

प्रश्न: घरी पुलाव आणि बिर्याणीसाठी लांब दाण्याचा तांदूळ आणतो. सेला, साधा बासमती आणि ‘जुना’ म्हणून मिळणारा बासमती असे तिन्ही वापरून झाले. सगळ्यांना अर्धा तास भिजवणं आणि दीडपट पाणी हेच केलं. एकाचा गिचका झाला, एक बरा झाला, एकाला मधे कणी राहिली. प्रत्येकाला किती धुवायचं, किती भिजवायचं, पाणी किती, आणि शेवटी भात कसा दिसायला हवा?

उत्तर:

गिचका झाला तो बहुतेक नवा कच्चा, म्हणजे न वाफवलेला साधा बासमती असणार, बरा झाला तो जुना, आणि कणी राहिली ती सेल्याला. अर्धा तास आणि दीडपट पाणी हे माप मुळात जुन्या कच्च्या बासमतीचं आहे. बाकीच्या दोघांना ते लागू पडत नाही.

शिजताना दाणा पाणी आत घेतो आणि थोडा स्टार्च बाहेर सोडतो. तिघांतला फरक या दोन गोष्टींत आहे. नवा कच्चा तांदूळ पाणी पटकन घेतो, पण त्याच्या पेशी अजून मऊ असल्याने स्टार्चही भरपूर सोडतो. त्यामुळे शितं एकमेकांना चिकटतात. तांदूळ किंवा साळ वर्ष-दोन वर्षं नीट साठवली, की दाण्यातली प्रथिनं आणि पेशींच्या भिंती घट्ट होतात. असा जुना दाणा नव्यापेक्षा जास्त पाणी घेतो, जास्त फुलतो आणि बाहेर कमी सोडतो. सेल्याची गोष्ट निराळी. साळ तुसासकट भिजवून, वाफवून, वाळवून मग सडलेली असते. म्हणजे आतला स्टार्च एकदा शिजून परत घट्ट बसलेला असतो. त्यामुळे तो पाणी सावकाश घेतो, शेवटी सर्वांत जास्त घेतो, आणि स्टार्च फारच कमी सोडतो.

कोकण-गोव्यातला उकडा याच पद्धतीने तयार होतो, पण तो दाणा बहुधा आखूड आणि जाड असतो आणि भरपूर पाण्यात शिजवून त्याची पेज काढतात. त्याचं माप सेल्याला लावू नका. इंद्रायणी आणि आंबेमोहरही या चर्चेत नाहीत. त्यांचा मऊपणा हाच त्यांचा गुण आहे आणि त्यांना फडफडीत करण्याचा अट्टाहास कशाला?

आता हातातला तांदूळ कोणता, ते आधी ओळखा, कारण पुडक्यावर छापलेली तारीख पॅकिंगची असते, कापणीची नसते. उत्तरेकडे बासमतीची कापणी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते, तेव्हा जानेवारीत सुटा मिळणारा स्वस्त बासमती नवा असण्याची शक्यता दाट. नवा दाणा पांढरा आणि थोडा पारदर्शक दिसतो. जुना मलईच्या रंगाकडे झुकलेला असतो आणि दाताखाली कटकन तुटतो. सेला काचेसारखा, पिवळसर किंवा सोनेरी असतो आणि त्याच्या पोटात पांढरा खडूसारखा डाग जवळपास दिसत नाही. ‘स्टीम’ म्हणून मिळणारा बासमती सेला नव्हे. त्याला वाफ दिलेली असते, पण सेल्याइतकी कडक प्रक्रिया झालेली नसते, त्यामुळे तो जुना कच्चा आणि सेला यांच्या मधे कुठेतरी वागतो. त्याला जुन्याचं माप लावून सुरुवात करा आणि पाणी किंचित वाढवा. जाता जाता एक गैरसमज: जुना तांदूळ जास्त वासाचा असतो असं नाही. बासमतीचा वास नव्यात सर्वांत जास्त असतो आणि साठवणीत कमी होत जातो. जुन्याला जास्त पैसे मोजायचे ते मोकळेपणासाठी. सेल्यात तर वाफवताना बराच वास जातो.

धुणं. नव्या तांदळावर सडताना उडालेली पिठी बसलेली असते. मोठ्या पातेल्यात तांदूळ बुडून वर चार बोटं पाणी येईल इतकं घ्या, हाताने खालून वर हलकेच फिरवा आणि पाणी ओता. असं तीन-चार वेळा पुरतं. चौथं पाणी थोडं धुरकट राहिलं तरी चालतं. पाणी आरशासारखं होईपर्यंत चोळत बसलं, तर लांब दाणे तुटतात आणि तुटलेल्या टोकांतून उलट जास्त स्टार्च निघतो. शिवाय धुतल्याने फक्त वरची पिठी जाते, शिजताना आतून येणारा स्टार्च धुऊन थांबत नाही. ‘दहा पाण्यांनी धुतला तरी चिकटच झाला’ ही तक्रार त्यामुळेच येते.

जुन्याला तीन पाणी पुरतात, पण घरी साठवताना बोरिक पावडर लावलेली असेल तर पाच-सहा वेळा धुवा आणि भिजवलेलं पाणी नक्की टाकून द्या. एरंडेल लावलं असेल तर पहिली दोन पाणी कोमट घ्या, नाहीतर तेलकटपणा तसाच राहतो. सेल्याचं पाणी पहिल्यापासूनच जवळजवळ स्वच्छ असतं, फार तर किंचित पिवळट. दोन वेळा धुणं बास. त्याला कधीकधी साळ भिजवताना आलेला आंबूस वास असतो. तो धुऊन जात नाही, भिजवताना अर्ध्या वेळाने पाणी बदललं की बराच कमी होतो.

भिजवण्याला मी धुण्यापेक्षा जास्त महत्त्व देतो. कोरडा दाणा थेट आधणात वैरला, तर बाहेरचा थर फुगतो आणि गाभा कोरडाच राहतो. मग दाणा आडवा तडकतो, वाकडा होतो, आणि लांबीत वाढण्याऐवजी फुटतो. भिजवल्यावर पाणी आधीच गाभ्यापर्यंत गेलेलं असतं, त्यामुळे शिजायला वेळ कमी लागतो आणि दाणा लांबीत वाढतो.

जुन्या कच्च्या बासमतीला साध्या पाण्यात ३० मिनिटं द्या, थंडीत ४०. झाला की नाही हे घड्याळापेक्षा दाण्यावरून कळतं: पारदर्शक दाणा पूर्ण दुधी पांढरा होतो आणि नखाने दाबला की सहज तुटतो. मधे काचेसारखी रेघ दिसत असेल तर अजून दहा मिनिटं थांबा. नव्याला १५ ते २० मिनिटं पुरतात. त्यापुढे तो इतका नाजूक होतो की पातेल्यात ओतताना, परतताना तुटतो. कच्च्या तांदळाला भिजवताना गरम पाणी वापरू नका. साधारण ७० अंशांच्या आसपास स्टार्च शिजू लागतो आणि बाहेरून चिकट थर तयार होतो.

सेल्याला मात्र साध्या पाण्यात किमान तासभर हवा. घाई असेल तर हात बुडवून सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास चालतो, कारण त्याचा स्टार्च आधीच शिजलेला असल्याने बाहेर चिकटपणा येत नाही. पण रात्रभर भिजवू नका. कच्चा तांदूळ साध्या पाण्यात एका मर्यादेपर्यंत पाणी घेऊन थांबतो, सेला मात्र घेतच राहतो. मग आधणात गेल्यावर त्याची टोकं फाटतात. भिजलेला सेला दुधी होत नाही, जरा फिका होतो आणि फुगतो, म्हणून रंगावर विसंबू नका. दाणा मधोमध तोडून बघा, आत कोरडा कडक ठिपका नसला की झालं.

कोणताही तांदूळ असो, भिजल्यावर रोवळीत किंवा चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या. हे दहा मिनिटं चुकवलं, तर दाण्यांत अडकलेलं वाटीभर पाणी तुमच्या मापात गुपचूप मिसळतं आणि मग ‘माप बरोबर होतं, तरी आसट झाला’ असं होतं.

आता पाणी. एक उदाहरण वजनाने बघू. ५०० ग्रॅम जुना बासमती धुऊन, अर्धा तास भिजवून, निथळून साधारण ६४० ग्रॅम भरतो. तुपात दोन मिनिटं परतून त्यात ९०० मिली उकळतं पाणी घातलं. मोठ्या आचेवर पाणी तांदळाच्या पातळीपर्यंत आटलं आणि वर भोकं दिसू लागली, की घट्ट झाकण लावून अगदी मंद आचेवर १० ते १२ मिनिटं ठेवलं आणि मग आच बंद करून न उघडता १० मिनिटं मुरू दिलं. भात साधारण १३७० ग्रॅम होतो, म्हणजे मूळ तांदळाच्या पावणेतीनपट. पाणी आणि भिजलेला तांदूळ मिळून १५४० ग्रॅम होते, तेव्हा १७० ग्रॅम वाफ होऊन गेली. दाण्यात गेलेलं पाणी आणि उडून गेलेलं पाणी हे दोन आकडे वेगळे धरा. पहिला तांदळाच्या जातीवर ठरतो, दुसरा झाकणावर, पातेल्याच्या तोंडावर आणि वेळेवर.

म्हणूनच ‘दुप्पट तांदूळ, दुप्पट पाणी’ हा हिशोब फसतो. वाफ साधारण तेवढीच उडते, दाण्यात जाणारं पाणी तेवढं दुप्पट लागतं. वरच्या उदाहरणात भिजल्यानंतर दाण्यात ७३० मिली गेलं. एक किलोला १४६० मिली दाण्यात आणि सुमारे २०० वाफेसाठी, म्हणजे जवळपास १६५० ते १७०० मिली. १८०० नव्हे. उलट पाव किलोला ३६५ आणि १५० मिळून सव्वापाचशेच्या आसपास लागतं, ४५० नव्हे. थोडा पुलाव केला की कणी राहते आणि पाहुण्यांसाठी जास्त केला की आसट होतो, त्याचं कारण बहुतेक हेच असतं. झाकण सैल असेल तर ३०० मिलीसुद्धा सहज उडून जातं आणि तोच जुना तांदूळ अडीचपटीवर थांबून टरटरीत राहतो. झाकणाच्या कडेला कणकेची वळी लावायची पद्धत याचसाठी.

याच रीतीने ५०० ग्रॅम नव्या कच्च्याला ७५० मिली घाला. भात साधारण बाराशे ग्रॅमच्या आसपास येतो. जास्त पाणी घातलं तर तो घेतोही, पण घेताना फुटतो. ५०० ग्रॅम सेल्याला १०५० ते ११०० मिली, आणि मंद आचेवर दहाऐवजी १५ ते १८ मिनिटं. तो जवळपास तिप्पट होतो. वाटीच्या भाषेत नव्याला सव्वापट, जुन्याला दीडपट, सेल्याला पावणेदोनपट. कुकरमध्ये वाफ कमी उडते, तेव्हा यातून १०० मिली कमी करा. मात्र लांब दाण्याचा पुलाव मला कुकरमध्ये पटत नाही. शिट्टीच्या वेळी आतलं उकळणं दाणे घुसळतं, आणि मधे झाकण उघडून बघता येत नाही.

बिर्याणीसाठी पाणी मोजायची गरजच नाही, कारण भात भरपूर आधणात शिजवून गाळायचा असतो. ५०० ग्रॅम तांदळाला तीन ते साडेतीन लिटर पाणी घ्या आणि लिटरला साधारण एक मोठा चमचा मीठ घाला. चव समुद्राच्या पाण्याच्या जवळ जायला हवी, कारण बरंचसं मीठ गाळलेल्या पाण्याबरोबर जातं. पाणी खळखळत असतानाच तांदूळ वैरा. वैरल्यावर उकळी बसली तर आच वाढवा आणि झाऱ्याने एकदाच खालून हलवा.

किती शिजवायचं हे शितावरूनच ठरवा. भिजवलेला जुना बासमती पाच-सहा मिनिटांत लांब होतो. दाणा दोन बोटांत दाबला तर तीन तुकडे व्हावेत आणि मधे सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका राहावा. तेव्हा गाळा. नव्याला चार मिनिटांतच बघायला सुरुवात करा, तो एका मिनिटात हातचा जातो. सेल्याला आठ ते बारा मिनिटं लागतात आणि इथेच घरोघरी चूक होते. जुन्याच्या सवयीने लोक सेला पाऊण शिजल्यावर काढतात आणि दमावर ठेवतात. दमात मोकळं पाणी थोडंच असतं, त्यातलं बरंच मटण-चिकनच्या मसाल्यातच राहतं. कच्चा तांदूळ तेवढ्या वाफेवर पुरा होतो, सेला होत नाही. वर दही-टोमॅटोचा मसाला आंबट असेल तर तो आणखी टणक राहतो. म्हणून सेला ९० टक्के शिजवूनच गाळा: दाणा दाबल्यावर सपाट व्हावा, ठिपका दिसू नये, पण पीठ होऊ नये. हॉटेलातल्या लोकांना हे पाठ असतं. सेला जरा जास्त झाला तरी दाणा फुटत नाही हा त्याचा फायदाच आहे.

शेवटी भात कसा दिसायला हवा, यात तिघांकडून एकच अपेक्षा ठेवू नका. जुना बासमती सडसडीत, लांब, टोकदार राहतो. खाताना बाहेरून कोरडा आणि आतून मऊ लागतो. घरच्या पुलावासाठी, साध्या वरणभाताखेरीज बहुतेक सगळ्यासाठी मी तोच घेईन. सेला जाडसर, गुळगुळीत, जरा रबरासारखा चिवट लागतो. त्याला मसाल्याची चव कमी चढते. पण पंगतीत तीन-चार तास भांड्यात राहिला, वरून दहा जणांनी पळ्या खुपसल्या, परत गरम केला, तरी शीत शाबूत. दोनशे माणसांची बिर्याणी असेल तर बाकी दोघांचा विचारही करू नका. चार माणसांच्या बिर्याणीला मात्र निव्वळ दाणे मोकळे दिसावेत म्हणून सेला वापरणं मला पटत नाही. नव्या बासमतीचा भात मऊ, वासाला सुरेख, आणि हलका चिकटणारा. त्याला पुलावात मोकळं करायचंच असेल, तर पाणी मोजून घालण्याऐवजी आधणात शिजवून गाळा म्हणजे सुटलेला स्टार्च पाण्याबरोबर जातो. गाळल्यावर लगेच परातीत पसरा आणि वर चमचाभर तूप सोडा. ढीग करून ठेवला तर स्वतःच्या वाफेवर शिजत राहतो. घरोघरी नवा तांदूळ कोरडा भाजून घेतात, त्यानेही चिकटपणा कमी होतो, पण लांब दाण्याला कोरड्या आचेवर तडे जातात. त्यापेक्षा भिजवून, निथळून तुपात हलक्या हाताने परतलेला बरा.

भात बिघडला तर कारण ओळखणं अवघड नाही. शितं बाहेरून फुटलेली आणि आत कणी, अशी दोन्ही एकाच दाण्यात दिसली, तर भिजवण कमी पडली किंवा आच फार मोठी होती. त्यावर पाणी वाढवून काही होत नाही. शितं अखंड, पण सगळ्यांत सारखी कणी असेल, तर पाणी कमी पडलं: पाव वाटी उकळतं पाणी कडेने सोडा, झाकण लावा, अगदी मंद आचेवर पाच मिनिटं द्या. खालचा भात आसट आणि वरचा टणक असेल तर झाकण सैल आहे किंवा मुरायला ठेवलं नाही. आणि काही दाणे फुटलेले, शेजारचेच कच्चे, असं सगळीकडे मिसळलेलं दिसलं तर दोष तुमचा नाही, पोत्यात जुना-नवा मिसळलेला आहे. असा तांदूळ कोणत्याच पाण्याने सारखा शिजत नाही. त्याची खिचडी करा.

दुकानातून मोठं पोतं उचलण्याआधी मूठभर तांदूळ घरी आणून तपासा. ५० ग्रॅम न भिजवता अर्धा लिटर आधणात शिजवा आणि कच्चा वाटत असेल तर १२ मिनिटांनी, सेला वाटत असेल तर २० मिनिटांनी गाळलेलं पाणी काचेच्या पेल्यात ठेवा. नव्याचं पाणी दाट पेजेसारखं आणि गार झाल्यावर बुळबुळीत होतं. जुन्याचं पातळ आणि धुरकट राहतं. सेल्याच्या पाण्यातून पेल्याच्या पलीकडचं बोट दिसतं. दहा शितं काढून कच्च्या दाण्याशेजारी ठेवा. चांगला बासमती शिजून जवळपास दुप्पट लांब होतो. जाडीतच वाढला असेल, तर तो दुसराच कुठलातरी लांब दाणा आहे, आणि वरचे पाण्याचे आकडे त्याला तंतोतंत लागू होणार नाहीत.